एकास दोन, दोनास चार

५६० मिलिमीटर लांबीच्या पट्टीतून १४० मिलिमीटरचे चार ठोकळे निघत नाहीत. कागदावर निघतात, लाकडात नाही. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण तीन मिलिमीटर लाकूड खातं. चार तुकड्यांसाठी तीन काप घालावे लागतात, म्हणजे नऊ मिलिमीटरचा भुसा होतो आणि हाती येणारा प्रत्येक तुकडा १३८च्याही आत भरतो. मोठ्या माणसाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाने दोन छोटे ठोकळे टोकाला टोक लावून शेजारी एक मोठा ठोकळा ठेवला की मात्र तिथे पायरी पडते. मूल थांबतं, ठोकळे पुन्हा सरकवून बघतं, आपलंच काही चुकलंय असं समजतं. चूक असते करवतीची.

चिंचवडच्या एका जुन्या सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या गच्चीत लाकडाची खेळणी करणारे एक बाबा आहेत. पोटासाठी ते कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासतात आणि शनिवार-रविवारी ठोकळे कापतात. नाव छापू नका, म्हणाले. मुलीसाठी सुरू झालेलं हे काम आता इमारतीतल्या आणि नात्यातल्या मुलांपर्यंत गेलं आहे. मापाच्या मण्यांची ओवणी, तराजू, जोडकोडी असं बरंच काही त्यांनी केलं. त्यातल्या ठोकळ्यांच्या संचाबद्दल मी लिहिते आहे, कारण घरी खेळणी करणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. ठोकळा कापणं सोपं दिसतं आणि चाळीस ठोकळे एकमेकांशी जुळवणं फार अवघड असतं.

या ठोकळ्यांची मापं कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेची. ती लाकूडकाम शिकलेली होती आणि शिकवतही होती. बालवाडीतला फ्रोबेलचा लहान घनांचा संच तिला पुरेसा वाटला नाही. पॅटी स्मिथ हिल यांनी मुलांसाठी केलेले मोठे ठोकळे पाहिल्यावर तिला दिशा सापडली. १९१३च्या सुमारास तिने आपला संच बेतला आणि पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या शाळेत तो वापरात आणला. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड. आपल्याकडे १४०, ७० आणि ३५ मिलिमीटर धरलं की तेच माप येतं. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. संचातली बाकीची सगळी मापं याच प्रमाणातून निघतात.

चिंचवडच्या घरात या ठोकळ्याला ‘वीट’ म्हणतात. तिच्या दुप्पट लांबीची ती ‘दुप्पट’, ७० मिलिमीटरच्या चौरसाची ती ‘अर्धी’, उभी चिरलेली तो ‘खांब’, आणि अर्धीचे तिरपे दोन भाग म्हणजे ‘उतार’. ठोकळ्यांवर अक्षरं नाहीत, आकडे नाहीत, रंगही नाहीत. बाजारातल्या संचावर एबीसीडी छापलेली असते, तेव्हा मूल ठोकळा सरळ ठेवण्यात अडकतं आणि आई-बाप वाचून घेण्यात. दोन अर्ध्या म्हणजे एक वीट हे ज्ञान लांबीतच असतं. ते वर छापावं लागत नाही, फक्त लांबी खरी असावी लागते. म्हणून घरी खेळणं करणाऱ्याने आपला वेळ रंगावर न घालवता मापावर घालवावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आता लाकूड. पिंपरी-चिंचवडमध्ये हौशी माणसाला पहिला मोह होतो तो कारखान्यांबाहेर पडलेल्या पॅलेटचा. स्वस्तात मिळणारं पाइन, दिसायला गोरं आणि कापायला मऊ. त्यावर दोन अक्षरांचा शिक्का शोधावा लागतो. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते आणि ते मुलाच्या तोंडाजवळ नेऊ नये. शिक्का ‘एचटी’चा असला तरी त्या पॅलेटवर कारखान्यात काय सांडलं होतं हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय आत मोडलेले खिळे असतात. या बाबांनी पॅलेटचं लाकूड फक्त जिग आणि फडताळांसाठी ठेवलं आहे, खेळण्यांसाठी नाही.

प्लायवूडच्या कडांना कुसळं निघतात, एमडीएफ ओल लागली की फुगतं. सागवान चांगलं, पण महाग आणि त्याची भुकटी काहींच्या कातडीला आणि नाकाला सोसत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ते आता शिवण आणतात. फिकट पिवळसर, हलकं, रंध्याखाली गुळगुळीत होणारं आणि हवेच्या बदलात कमी हलणारं हे लाकूड पूर्वी चित्रकलेच्या फळ्यांना आणि वाद्यांनाही वापरलं जायचं. शिवणीची एक वीट साधारण १७० ग्रॅमची होते. हे वजन महत्त्वाचं आहे. त्याहून हलकी वीट मनोऱ्यात बसत नाही, धक्क्याने सरकते. फार जड लाकडाची दुप्पट पायावर पडली की मूल रडतं आणि पुन्हा हात लावत नाही.

सोळा विटा, आठ दुप्पट, आठ अर्ध्या, चार खांब आणि आठ उतार असा चव्वेचाळीस नगांचा संच एका घराला सुरुवातीला पुरतो. हिशेब केला तर तो बरोबर चाळीस विटांएवढ्या लाकडाचा होतो, म्हणजे जेमतेम अर्धा घनफूट. कापात, रंध्यात आणि गाठी टाकून देण्यात जे जातं ते धरून वखारीत पाऊण घनफुटाच्या पुढेच लाकूड मागावं. तयार संचाचं वजन सात किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे पेटीपेक्षा जाड कापडाच्या दोन पिशव्या बऱ्या.

पट्ट्या आधी ७० बाय ३५च्या करून घ्यायच्या. घरी जाडी काढणारं मशीन नसेल तर वखारीतच रंधा मारून द्यायला सांगायचं. एकाच वेळी, एकाच सेटिंगवर, सगळ्या. निम्म्या आज आणि निम्म्या पुढच्या आठवड्यात केल्या तर दोन जाड्या होतात. त्यानंतर आडवा काप. इथे मोजपट्टी बाजूला ठेवायची. करवतीच्या टेबलावर पात्यापासून १४० मिलिमीटरवर एक लाकडी ठोकळा पक्का बसवायचा. पट्टीचं टोक आधी काटकोनात साफ करायचं, त्या स्टॉपला टेकवायचं, कापायचं. पुन्हा टेकवायचं, पुन्हा कापायचं. पातं किती खातं याचा प्रश्नच उरत नाही, कारण पातं आणि स्टॉप यांच्यातलं अंतर ठरलेलं आहे. वाया जाणारा भुसा पट्टीच्या उरलेल्या भागातून जातो.

दुप्पटीसाठी स्टॉप २८०वर न्यायचा, पण तोही मोजपट्टीने नाही. कापून झालेल्या दोन विटा टोकाला टोक लावून पात्यापासून ठेवायच्या आणि जिथे संपतील तिथे स्टॉप घट्ट करायचा. विटा १४०.३ मिलिमीटरच्या झाल्या असतील तर दुप्पट २८०.६ होऊ द्यावी. मुलाला मिलिमीटरशी देणंघेणं नाही. एक वीट दुसऱ्या विटेशी किती खरी आहे एवढंच त्याच्या हाताला कळतं.

तिथल्या मिस्त्रीकाकांनी मला एक बारीक गोष्ट दाखवली. सोसायटीच्या मागे त्यांचं फर्निचरचं दुकान आहे आणि या बाबांना करवत धरायला त्यांनीच शिकवलं. स्टॉपच्या खालच्या कडेला त्यांनी पटाशीने तिरपा छाट दिला होता. “भुसा कुठं बसतो बघा,” ते म्हणाले. कापताना उडालेला भुसा स्टॉपच्या पायथ्याशी साचतो. पुढची पट्टी त्या भुशाला टेकते आणि वीट अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघते. दहा-बारा कापांनंतर असं होतं, म्हणून सुरुवातीच्या विटा तपासून समाधान मानणाऱ्याला ते कळत नाही. खाली छाट दिला की भुसा त्या फटीत जातो आणि लाकूड लाकडालाच टेकतं.

तपासणी स्वयंपाकघरात होते. ओट्याचा ग्रॅनाइट हा घरातला सगळ्यात सपाट भाग. त्यावर विटा उभ्या करून एका ओळीत लावायच्या आणि डोळे मिटून वरून बोट फिरवायचं. पाव मिलिमीटरची उंचसखलता बोटाला लगेच लागते, डोळ्याला लागत नाही. मग विटेचं टोक काटकोनात आहे का ते पाहायचं: दोन विटा शेजारी उभ्या करून मध्ये उजेड दिसतो का बघायचं, आणि एक वीट अर्धं वळण देऊन पुन्हा बघायचं. पहिल्यांदा फट नाही आणि वळवल्यावर वर फट आली तर दोन्ही टोकं सारखीच तिरपी आहेत. टोकाला अर्ध्या अंशाचा तिरपेपणा असेल तर ३५ मिलिमीटर जाडीत तो जेमतेम ०.३ मिलिमीटर भरतो, पण १४० मिलिमीटर उंचीवर विटेचा माथा एक मिलिमीटरहून जास्त कलतो. तशा चार विटा एकाच बाजूला कललेल्या एकावर एक उभ्या आल्या की मनोरा डळमळतो. बाबा अशा विटांवर पेन्सिलीने फुली मारून त्या बाजूला काढतात; त्यांच्याच पुढे अर्ध्या होतात.

उतारांचं गणित वेगळं. ७० मिलिमीटरच्या चौरसाला कोपऱ्यातून कोपऱ्यात कापलं की दोन त्रिकोण मिळतात, पण पात्याने मधली तीन मिलिमीटर पट्टी नेलेली असते. प्रत्येक त्रिकोणाची काटकोनाची बाजू ७०च्या जागी ६८ भरते. छप्पर भिंतीहून आखूड पडतं. म्हणून उतारांसाठी थोडी रुंद पट्टी वेगळी ठेवून चौरस ७२ मिलिमीटरचा कापायचा. मग कापानंतर बाजू ७०च्या अगदी जवळ येते. हा काप यंत्रावर हाताने धरून कधीच करू नये. तुकडा लहान असतो, तिरपा फिरतो आणि बोटं ओढतो. ४५ अंशांची खाच असलेल्या लाकडी साच्यात तो आवळून बसवायचा आणि हातकरवतीने सावकाश कापायचा. पातळ पात्याची हातकरवत लाकूडही कमी खाते, तेव्हा चौरस किती मोठा घ्यायचा हे आपलं पातं मोजून ठरवावं.

एवढं सगळं जमलं आणि उन्हाळ्यात कापलेला संच ऑगस्टमध्ये बाहेर काढला, तर अर्ध्या विटा चौरस राहिलेल्या नसतात. हे मला त्या घरात पहिल्यांदा कळलं आणि मी चकित झाले. लाकूड हवेतली ओल घेतं तेव्हा ते आडवं फुगतं; लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. पुण्यात मे महिन्यातली दुपारची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा यांत इतकं अंतर आहे की ७० मिलिमीटर रुंदीचा सागवानी ठोकळाही अर्धा ते एक मिलिमीटर रुंद होऊ शकतो. त्याची लांबी मात्र होती तेवढीच राहते. अर्धी वीट एका बाजूने ७०, दुसऱ्या बाजूने ७०.८. आडव्या ठेवलेल्या दोन विटांच्या रुंदीवर तिसरी आडवी टाकली की कडा जुळत नाहीत. तेल किंवा पॉलिश याला थांबवत नाही, फक्त त्याची गती मंद करतं.

उपाय लाकडाच्या निवडीत आणि कापायच्या वेळेत आहे. पट्ट्या आणल्या की त्या घरातच, मध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशा रचून पाऊस संपेपर्यंत तशाच ठेवायच्या. अंतिम माप काढायचं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा ना फार कोरडी ना फार ओली असताना. मग वर्षभरात लाकूड दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलतं, एकाच बाजूला पुरं एक मिलिमीटर जात नाही. चिंचवडच्या गच्चीत दिवाळीच्या आसपास करवतीचा आवाज येतो तो यामुळे. शेजाऱ्यांचीही त्या दिवसांत फारशी तक्रार नसते, मुलं खाली किल्ला करण्यात गुंतलेली असतात.

कडा किती गोल कराव्यात यावर हौशी लोक फार उत्साही असतात. कुसळं जावीत आणि टोकदार कोपरा लागू नये इतपत, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर, गोलाई पुरे. ८०, मग १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. पेपर हातात धरून घासला की बोटांच्या दाबाने सपाट बाजूही कडेला उतरते आणि वीट पावाच्या लादीसारखी फुगीर होते. अशा विटा एकमेकींवर डुलतात. म्हणून पेपर सपाट फळीला चिकटवून, वीट त्यावर फिरवायची.

वर काय लावायचं? काहीच न लावणं हा पहिला पर्याय, आणि तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी तो वाईट नाही. चकचकीत वॉर्निश लावलेल्या विटा घसरतात, पूल टिकत नाही. खोबरेल किंवा मोहरीचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि वास धरतं. अळशीचं तेल वाळतं, पण दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. या घरात चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात देतात. स्पिरिट विषारी असतं, म्हणून काम उघड्यावर आणि मुलं शाळेत असताना. ते पूर्ण उडून गेलं की मागे उरते ती लाख. पाणी सांडलं तर तिच्यावर पांढरा डाग पडतो, तेवढं सोसायचं. कुणी अळशीचं तेल वापरलंच, तर तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तेल उष्णता सोडतं आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

सावंतवाडीच्या लाखकाम केलेल्या खेळण्यांची आठवण इथे होणं साहजिक आहे. तिथली लाकडी फळं आणि भातुकली पाहताना रंग आधी डोळ्यांत भरतो, आणि ते चिताऱ्यांचं पिढ्यांचं कसब आहे. घरच्या माणसाने त्याची नक्कल करायला जाऊ नये. बाजारातला स्वस्त रंग आणि हौशी ब्रश यातून ते होत नाही, आणि रंगात काय आहे हे तपासायचं साधनही घरी नसतं.

सुरक्षेचं मात्र एक साधन घरी करता येतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकेल असा तुकडा ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्याचा तळ तिरपा असतो, एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर खोल. खेळण्याचा कुठलाही सुटा भाग, न दाबता, कुठल्याही दिशेने त्यात पुरा मावला तर ते खेळणं त्या वयासाठी नाही. बाबांनी लाकडात तसं भोक करून ठेवलं आहे. विटा त्यात जात नाहीतच. त्यांच्या मण्यांच्या संचातले मणी मात्र गेले, आणि तो संच तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घरी आता जात नाही. तपासणी तुटलेल्या खेळण्याचीही करावी. उताराचं धारदार टोक पडून निखळलं तर उडालेली ढलपी त्या भोकात सहज मावते. म्हणून उताराची दोन्ही टोकं आधीच दोनेक मिलिमीटर बोथट केलेली असतात.

तुम्ही विकत का नाही, असं मी विचारलं. “विकायचं म्हटलं तर आयएसआय लागतो,” ते म्हणाले. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. हौशी इंजिनिअर त्यात बसत नाही. त्यामुळे इथले संच फिरते असतात. पिशवी काही महिन्यांसाठी एका घरी जाते, परत येते, विटा मोजल्या जातात, फुटलेली बदलली जाते, पुढच्या घरी जाते. चव्वेचाळीस नगांच्या पिशव्या एकाच मापाच्या असल्याने दोन घरांनी एकत्र खेळायचं ठरवलं तर ठोकळे बेलाशक मिसळता येतात. मापाची एवढी कटकट का, याचं त्यांनी दिलेलं हे सगळ्यात व्यवहारी उत्तर होतं.

महाराष्ट्रात बालशिक्षणाच्या साधनांचा विचार ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला केला, तो महागड्या साधनांना पर्याय म्हणून. बिया, शिंपले, पानं, माती, जे अंगणात आहे ते. त्या विचाराशी हे ठोकळे विसंगत आहेत असं मला वाटत नाही. चिंचोके मोजायला उत्तम, पण दोन चिंचोके कधी सारखे नसतात. लांबीचं प्रमाण शिकायला सारखेपणा लागतो, आणि तो कुणीतरी मुद्दाम घडवावा लागतो.

मुलं या विटांचं करतात काय? हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३मध्ये मुलांच्या ठोकळेखेळाचे टप्पे लिहून ठेवले आणि ते आजही पडताळून पाहता येतात. आधी नुसतं उचलून इकडून तिकडे नेणं. मग रांगा आणि मनोरे. मग पूल: दोन उभे, वर एक आडवा. मग चारी बाजूंनी बंद अंगण. मग नक्षी, समतोल. मग बांधकामाला नाव देणं, आणि शेवटी नाव आधी ठरवून बांधणं. पूल हा टप्पा मी त्या गच्चीत पाहिला. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने दोन विटा उभ्या केल्या, त्यांच्यात इतकं अंतर ठेवलं की वरची वीट मध्येच खाली पडली. त्याने अंतर कमी केलं, पडली. आणखी कमी केलं, बसली. मग तो उठला, पिशवीतून दुप्पट आणली आणि पहिलं लांब अंतर पुन्हा ठेवून वर दुप्पट टाकली. कुणी काही सांगितलं नव्हतं. आजी सांगायला पुढे झाली, तेव्हा बाबांनी हाताने थांबवलं.

म्हणूनच संचासोबत ते चित्रांची कार्डं देत नाहीत. सुरुवातीला देत होते: किल्ला, देऊळ, रेल्वे. मुलं कार्ड बघून तेवढंच करायची आणि झाल्यावर उठून जायची. आता पिशवीत एकच कागद असतो, पालकांसाठी. त्यावर विटा फरशीवर खेळायच्या, गालिच्यावर नाही, असं लिहिलेलं आहे, कारण गालिचा दबतो आणि उत्तम कापलेली वीटही कलते. पडलेला मनोरा मोठ्यांनी उभा करून देऊ नये असंही आहे. आणि चौथं वर्ष सरल्यावर मूल बंद अंगणं बांधायला लागलं की सोळा विटा कमी पडतात, तेव्हा आणखी सोळा विटा आणि आठ दुप्पट मागून न्याव्यात.